सहाव्या लेनची रेघ

दर हिवाळ्यात पंधरा दिवस माझे हात पांढरे असतात. नखांत मैदान आखायची चुन्याची फक्की बसते, बोटांना भेगा पडतात आणि मिरचीचा ठेचा करायला घेतला की डोळ्यांत पाणी येतं. नवरा विचारतो, "तू शाळेत शिकवतेस की भिंती रंगवतेस?" मी म्हणते, दोन्ही. त्याला आता सवय झाली आहे.

मी हिंगोलीतल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. शालेय स्पर्धा जवळ आल्या की चारशे मीटरचा ट्रॅक आखायचं काम माझ्या गळ्यात पडतं. सरळ रेघ मारायला सगळे सर पुढे असतात, फक्की हातात धरून फोटोही काढून घेतात. वळण आलं की एकेकाला घरून फोन यायला लागतात. मग मैदानात मी, एक लांब तार, एक पहार आणि फक्कीचं घमेलं एवढेच उरतो. मला राग येतो, पण काम मी सोडत नाही. दुसऱ्या कुणी आखलेल्या वळणावर माझा विश्वास नाही.

चारशे मीटरची सुरुवात पाहिली आहे तुम्ही? शेवटची रेघ सगळ्यांना एकच असते, पण सुटायची रेघ प्रत्येकीची वेगळी. अगदी आतल्या लेनमधली पोरगी सगळ्यांच्या मागे उभी असते. तिच्या बाहेरची थोडी पुढे, तिच्या बाहेरची आणखी पुढे, आणि सहाव्या लेनमधली पार वळणावर जाऊन एकटीच उभी. दरवर्षी दोरीच्या पलीकडून कोणीतरी ओरडतंच, "ओ मॅडम, ती पोरगी एवढी पुढं काहून उभी केली?" आणि आजूबाजूचे चार शहाणे हसतात.

मी हसत नाही. हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस मी पाहिला तो माझा बाप होता.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. जवळा बाजारच्या अलीकडे आमचं गाव, थोडी जमीन, दोन बैल. पण दादांची ओळख शेतीची नव्हती. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असला की बैल पळवणारे दुरून दुरून त्यांना बोलवायला यायचे. दादा बैल पळवत नसत. ते सुटायच्या रेघेवर उभे राहत. दोन जोड्या शेजारी शेजारी, दोघांच्या पायाखाली एकच रेघ आणि दादांच्या हातात झेंडी. एखाद्या बैलाचा खूर रेघेच्या बोटभर पुढे दिसला तरी झेंडी खाली यायची नाही. जोडी हाकणारे धुरकरी शिव्या द्यायचे, लोक बोंब मारायचे, पाटलाचा बैल असो की पाहुण्याचा. दादा जागचे हलायचे नाहीत. एकदा माझ्या सख्ख्या मामाची जोडी त्यांनी तीनदा मागे घेतली होती. मामा त्यानंतर दिवाळीला दोन वर्षं आमच्याकडे आला नाही. आई बोलायची, "तुमच्या रेघेपायी माझं माहेर तुटलं." दादा म्हणायचे, "रेघ वाकडी झाली तर पट कायले भरवायचा?"

अशा माणसाच्या घरात मी पळायला लागले. नववीत होते. आमच्या शाळेतल्या सरांनी मला हेरलं आणि तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याला, मी आता आखते त्याच हिंगोलीच्या मैदानावर. सर मैदानावर कडक आणि गाडीत बसले की भजनं म्हणणारे. त्यांनीच दादांना सांगितलं, एकदा येऊन बघा तरी पोरगी कशी पळते. दादा आले. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, पटाला जाताना घालायचे तेच कपडे. मला इतका आनंद झाला होता की सकाळी भाकरी खायचीच राहिली.

सकाळी शंभर मीटर झाली. शंभर मीटर सरळ असते, सगळ्या पोरी एकाच रेघेवर. मी तिसरी आले. दादा लांबून हसले, हात वर केला. माझा तिसरा नंबर त्यांना एकदम पसंत पडला होता.

दुपारी चारशे मीटरची फायनल. चिठ्ठी काढली, मला सहावी लेन आली. सरांनी मला हाताला धरून वळणावर नेऊन उभं केलं आणि म्हणाले, मागे बघायचं नाही. अनवाणी पायांना माती पोळत होती. माझ्या पुढे कुणीच नव्हतं. सगळ्या मागे, आणि मागे बघायचं नाही. सहाव्या लेनचं हेच असतं. आपण पहिल्या आहोत की शेवटच्या, काही कळत नाही. फक्त मागून पावलं येत असतात. मी जीव तोडून पळाले. दुसरं वळण संपून शेवटच्या सरळीत आलो तेव्हा डाव्या बाजूला अचानक दोन पोरी दिसल्या, अगदी बरोबरीला. तिथून पुढचं मला आठवत नाही. छाती पुढे टाकली एवढं आठवतं. मी पहिली आले होते, जेमतेम एका छातीनं.

दादा कुठे दिसतात का म्हणून मी धापा टाकत बघत होते. ते दोरी ओलांडून आत येत होते. मला वाटलं माझ्याकडेच येतात. ते माझ्यासमोरून सरळ निघून गेले आणि पंच बसले होते त्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले.

"पैल्या नंबराचं नाव खोडा," ते म्हणाले. आवाज पटावरचा, म्हणजे अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा. "ही माझीच लेक हाय, म्हून सांगून राहिलो. ती लई पुढून सुटली व्हती. एवढ्या पुढून सुटून एवढुशानं पुढं आली. म्हंजी हरलीच की."

टेबलावरचे आधी एकमेकांकडे बघत राहिले. मग एक जण हसला आणि सगळेच हसले. दोरीपलीकडची माणसं हसली. दुसऱ्या शाळेच्या पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. एक पंच म्हणाले, "अहो बाबा, ते तसंच असतं, नियम आहे." आमचे सर धावत आले, तेही म्हणाले, नियम आहे. नियम आहे असं सगळ्यांनी सांगितलं. का आहे ते कुणी सांगितलं नाही. दादा त्या हसण्यात हात मागे बांधून उभे होते. हलले नाहीत. पुन्हा एकदा म्हणाले, "रेघ एक पायजे," आणि मागे फिरले.

मला तेव्हा धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. बापाची लाज वाटत होती आणि लाज वाटली म्हणून स्वतःचा रागही येत होता. आणि खरं सांगायचं तर मलाही कुठे ठाऊक होतं, मला पुढे का उभं केलं ते? सरांनी उभं केलं तिथे मी उभी राहिले होते. परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. गळ्यातलं पदक मी फ्रॉकच्या आत टाकलं होतं. दादा खिडकीतून बाहेर बघत होते. औंढ्याच्या पुढे आल्यावर एकदाच बोलले, "वाईट वाटून घेऊ नको माय. तुझी चूक न्हाई. तुला उभं करणाऱ्याची हाय."

पुढची स्पर्धा विभागाची होती. पहिल्या नंबराला जायचं होतं. सर घरी आले, चहा प्याले, दोन तास बसले. दादांनी त्यांना जेवूनच जा म्हणून आग्रह केला, पण पोरीला पाठवायला नकार दिला. "खोट्या नंबरावर लेकरू धाडत न्हाई, सर. लोक माझ्या रेघेवर बैल आणतात." सर गेले. विभागाला दुसऱ्या नंबरची पोरगी गेली. आईनं पदक पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलं. त्यानंतर मी पळाले नाही. म्हणजे शाळेला उशीर झाल्यावर पळाले असेन, तेवढंच.

पुढे उभं करण्याचं कारण मला कळलं ते नंतर, खेळाचं शिक्षण घ्यायला गेले तेव्हा. पहिल्यांदा हातानं ट्रॅक आखला आणि तारेचं टोक धरून वळणावर फिरले, तेव्हा एका दुपारी सगळं समोर आलं. सरळ भागात सहाही लेन सारख्याच लांबीच्या. फरक पडतो तो फक्त वळणावर. दोन अर्धी वळणं मिळून एक पूर्ण गोल होतो आणि बाहेरच्या लेनचा गोल आतल्यापेक्षा मोठा असतो. एक लेन सव्वा मीटरला थोडी कमी रुंद असते. तेवढं बाहेर सरकलं की एका फेरीत साडेसात मीटरहून थोडं जास्त पळावं लागतं. सहावी लेन पाच लेन बाहेर आहे, म्हणजे सुमारे अडतीस मीटर जास्त. शेवटची रेघ एकच ठेवायची, तर सहावीला तेवढंच पुढे उभं करायला हवं. नाहीतर ती बिचारी चारशे अडतीस पळेल आणि बाकीच्या कमी. मला पुढे उभं केलं तेव्हा फुकट काही दिलं नव्हतं. वळणं जेवढं घेणार होती तेवढंच आधी मोजून दिलं होतं.

त्या दिवशी मी मैदानात बसून रडले. मैत्रिणींना वाटलं ऊन लागलं.

सुट्टीत घरी गेले ती सगळं सांगायचं ठरवूनच. कागदावर गोल काढले. दादा वैरण कापत होते. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "पुस्तकातलं आसंल," म्हणाले. माझं डोकं सटकलं. मी कागद फाडून वैरणीत टाकला. बाप तसा, लेक तशी. त्यानंतर पुष्कळ वर्षं आम्ही सगळ्या गोष्टी बोललो. हळदीचा भाव, माझं लग्न, पटावरची बंदी, आईचं आजारपण. ही एक गोष्ट सोडून. ते माझ्या घरी यायचे, माझ्या पांढऱ्या हातांकडे बघायचे आणि कशानं झाले ते विचारायचे नाहीत.

आई गेल्यावर मी दादांना हिंगोलीला घेऊन आले. वर्षभरानं त्यांची उजवी बाजू लुळी पडली. बोलणं राहिलं, थोडं जड झालं. काठी टेकत घरात फिरायचे. दिवसभर एकटं ठेवायची भीती वाटायची, म्हणून ट्रॅक आखायच्या दिवशी मी त्यांना रिक्षातून मैदानावर घेऊन गेले. निंबाखाली खुर्ची टाकली. म्हटलं बसा निवांत.

त्या दिवशी सगळंच बिनसलं होतं. जमीन काळी, भेगाळलेली. वळणाच्या मधल्या बिंदूवर पहार ठोकली की ती हलायची. शाळेचा शिपाई फक्कीचं पोतं आणायला गेला तो गेलाच. सर लोकांचे फोन सुरू झाले होते. पहार हलली की तार हलते आणि तार हलली की गोल बिघडतो. मी दोनदा रेघ मारून दोनदा पायानं पुसली आणि मोठ्यानं शिवी दिली.

"आण इकडं खुर्ची," दादा म्हणाले. "डावा हात हाय ना माझा."

त्यांना मैदानाच्या त्या टोकाला, बरोबर मधोमध बसवलं. त्यांनी डाव्या हातानं पहार धरली, काठी बाजूला टेकवली. तारेचं एक वेटोळं पहारीत, दुसरं टोक माझ्या हातात. मी आतली रेघ मारत वळणभर फिरले. मग तार एका लेनएवढी लांब केली, दुसरी रेघ. मग तिसरी. दादा पहार घट्ट धरून मान वळवत माझ्याकडे बघत होते. चौथ्या रेघेला मी त्यांच्या समोरून जात होते तेव्हा ते म्हणाले, "खळं हाय हे तर."

मी थांबले.

"खळं," ते म्हणाले. "मी मेढीच्या जागी बसलो. तू बैलावानी फिरून राहिलीस."

आमच्या लहानपणी मळणी बैलांनीच व्हायची. खळ्याच्या मधोमध मेढ रोवायची, म्हणजे जाड लाकडाचा खांब. कणसं पसरायची आणि मेढीला बांधून चार-पाच बैल शेजारी शेजारी जुंपून गोल फिरवायचे. मेढीजवळ म्हातारा बैल. अगदी बाहेर सगळ्यात दमदार.

"म्हातारा बैल आत का बांधायचे, दादा?" मी विचारलं. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

"त्याले चालाव लागत न्हाई म्हून. जागच्या जागी फिरतो. भायेरचा लई चालतो. भायेरच्याची जीभ निघती." त्यांनी पहारीकडे बघितलं, मग रेघांकडे. मी सहावी रेघ अजून मारली नव्हती. "चालून दाखव," ते म्हणाले. "आतल्या रेघेवरून चाल आधी. मंग भायेरच्या."

मी वळणभर आतल्या रेघेवरून चालले. मग तार ताणून सहाव्या लेनच्या जागेवरून चालले. दादा दोन्ही वेळा ओठ हलवत माझी पावलं मोजत होते. 

"एका वळणाला एवढं," मोजून झाल्यावर म्हणाले. "अन् वळणं दोन."

"व्हय."

"मंग दुप्पट."

"व्हय दादा."

"लहान खळं आसलं तर कमी लागत आसंल?"

"न्हाई. खळं लहान असो की मोठं, पट्टीची रुंदी तेवढीच असली की फरक तेवढाच."

हे त्यांना फार आवडलं. बोटभर पुढे आलेला खूर ओळखणारा माणूस, त्याला असलं आवडणारच. मान हलवत राहिले. मग त्यांची मान थांबली. "तवा तू कोणत्या पट्टीत व्हतीस?"

"सहाव्या."

ऊन वर आलं होतं. मैदानाच्या पलीकडून आगगाडी गेली. 

"मंग तू पैलीच आलतीस," ते म्हणाले.

हे वाक्य मी किती वर्षं मनात त्यांच्या तोंडी घातलं होतं. ऐकलं की मी काय बोलेन तेही ठरलेलं होतं, त्यात दोन-चार टोमणेही होते. प्रत्यक्षात माझ्या हातातून घमेलं पडलं आणि मी त्यांच्या खुर्चीजवळ फक्कीत बसले. दादांनी पहार सोडली नाही. तोंड वाकडं करून रडत होते आणि पहार घट्ट धरून होते. मी म्हटलं, "झालं आता, दादा. सोडा." मला तेवढं पुष्कळ होतं. त्या रिकाम्या मैदानात त्यांनी म्हटलं होतं, मला बास होतं.

"झालं कसं?" ते म्हणाले. "चारचौघांत बोललो व्हतो म्या. ह्याच मैदानात. नाव खोडा म्हणलो. आता चारचौघांतच सांगाव लागंन. सपर्धा कवा हाय?"

"पुढच्या आठवड्यात."

"मले आणजो."

घरी आल्यावर त्यांनी पटका शोधायला लावला. तो मिळेना, म्हणून चिडले. मीही चिडले. जेवताना मात्र स्वतःशीच म्हणत होते, काय बोलायचं ते. पटावर झेंडीच्या आधी दोन शब्द बोलायचे तसं. "मंडळी, माझी चूक झाली व्हती," इथून सुरुवात करायची की "पैला नंबर बराबर व्हता," इथून, हे त्यांचं ठरत नव्हतं. मला विचारलं. मी म्हटलं, नंबरापासून करा. चूक कुणाची होत नाही?

स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांना दुसरा झटका आला. नांदेडला नेलं. स्पर्धा झाली, माझ्याविना झाली, मी आखलेलं वळण दुसऱ्या सरांनी पुन्हा गिरवलं होतं, बऱ्यापैकी आलं होतं म्हणे. दादा वाचले. पण जीभ गेली. समजायचं सगळं, बोलायला गेले की घशातून नुसता जाडाभरडा आवाज यायचा. त्या आवाजातला कुठला पाण्याचा आणि कुठला कूस बदलायचा, हे मला हळूहळू कळायला लागलं. दुसऱ्या कुणाला कळायचा नाही. नवऱ्यालाही नाही.

दिवस गेले. मला वाटलं, विसरले. पुढच्या हिवाळ्यात पहिल्यांदा हात पांढरे करून घरी आले तर त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि सोडेनात. मग मनगट सोडून त्याच हातात काठी घेतली आणि फरशीवर गोल काढला. एक, त्याच्या बाहेर दुसरा. माझ्याकडे बघितलं.

"दादा, तुम्हाला बोलता येत नाही," मी म्हटलं. कुणीतरी म्हणायला हवं होतं. त्यांनी काठी ठेवून पुन्हा मनगट धरलं.

मी त्यांना नेलं. चूक केली की बरोबर, अजून सांगता येत नाही. धोतर नेसवलं, पटका बांधला. तो या वेळी मी महिनाभर आधीच शोधून ठेवला होता. बक्षिसाच्या टेबलाजवळ सावलीत खुर्ची टाकली. टेबलावर सगळी नवी माणसं. त्या दिवशी हसलेल्या पंचांतले एक वारले होते, बाकीचे कधीच निवृत्त होऊन कुठे कुठे गेले होते. आमचे सर परभणीला मुलाकडे. ज्या चारचौघांत दादांना बोलायचं होतं त्यातला एकही तिथे नव्हता. हे त्यांना कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

दुपारी मुलींची चारशे मीटर झाली. सहाव्या लेनमधली पोरगी चौथी आली. दादा तिच्याकडेच बघत होते. पोरी रेघ ओलांडून गेल्या आणि त्यांनी हात उचलून लाउडस्पीकरच्या माईककडे बोट केलं. माईक एका तरुण सरांच्या हातात होता. मी त्यांना म्हटलं, "दोन मिनिटं द्या. माझे वडील आहेत, त्यांना काही बोलायचंय." भला माणूस. लगेच दिला. वर म्हणाला, "आशीर्वाद द्या बाबा पोरींना."

मी माईक दादांच्या तोंडाजवळ धरला. त्यांनी श्वास घेतला. पटावर घ्यायचे तसा, खांदे वर करून. आणि बोलले.

मैदानाच्या चारी कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून तो आवाज बाहेर पडला. मला एकेक शब्द कळत होता. नंबरापासूनच सुरुवात केली होती त्यांनी. पैला नंबर बराबर व्हता. माझी लेक पैलीच आलती. दोरीपलीकडे शाळांची पोरं बसली होती, त्यांना काय कळणार? त्यांना वाटलं माईक खराब झाला. आधी एक हसला, मग रांगच्या रांग हसली. कुणीतरी तसाच आवाज काढून दाखवला. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. एकेकाला धरून बदडावं असं वाटलं, लहान लेकरं होती तरी. पण हातात माईक होता आणि दादांचं बोलणं अजून संपलं नव्हतं. ते त्या हसण्यात तसेच बसले होते, मागे याच मैदानात उभे होते तसेच. न हलता. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा एकदा पहिल्यापासून म्हटलं आणि हातानं माईक बाजूला केला.

तरुण सरांनी टाळ्या वाजवल्या. टेबलावरच्या दोघांनीही वाजवल्या. "काय म्हणाले बाबा?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी तोंड उघडलं, पण मला सांगताच आलं नाही. त्यांनी काही वेळ वाट पाहिली, माईक घेतला आणि गोळाफेकीच्या मुलींना बोलावलं.

दादा त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले. त्या दिवशी मैदानात मात्र त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. पटका सरळ करून घेतला माझ्याकडून. मग भुवया वर करून माझ्याकडे बघितलं आणि डावा हात सगळ्या मैदानावरून एकदा फिरवला. लोकांना ऐकू गेलं का, असं विचारत होते.

"गेलं दादा," मी म्हटलं. "सगळ्यांनी ऐकलं."